दुकानात एकच ग्रे, बाहेर दोन ग्रे

"कोटाचं आणि पँटचं ग्रे दुकानात अगदी सेम होतं, उन्हात पँट लालसर दिसतेय. कापड बदललं का त्यांनी?"

बदललं नसणार हो. हाच घोळ मी घातलाय म्हणून लिहितेय. मी कापड चार वेळा बघितलं, पण चारही वेळा त्याच ट्यूबखाली! तसंच कापायला दिलं, आणि नंतर दुकानदार म्हणे कापलेलं परत घेत नाही, वर डोळे तपासून घ्या. जाऊ दे.

रंग ओळखणाऱ्या पेशी डोळ्यात तीनच प्रकारच्या असतात. कापडावरून कितीही गुंतागुंतीचा प्रकाश येऊ दे, मेंदूला त्याचे तीनच आकडे कळतात म्हणा ना. दोन कापडांचे ते तीन आकडे जुळले की रंग सेम, मग आत डाय कुठले का असेनात. उजेड बदलला की आकडे बदलतात आणि जोडी फुटते, यालाच मेटामेरिझम म्हणतात.

माझा कोट पॉलिस्टर, पँट कॉटन. पॉलिस्टरला डिस्पर्स डाय लागतो, कॉटनला तो चालत नाही, म्हणजे दोन्हीकडे ग्रे वेगवेगळ्या मिश्रणातून आणलेला. डायिंगमधल्या एका ओळखीच्याने मशीनवर मोजून दाखवलं, पँटचं कापड ६५० नॅनोमीटरच्या पुढचा गडद लाल प्रकाश कोटापेक्षा बराच जास्त परत फेकत होतं. दुकानातल्या त्या फ्लुरोसंट ट्यूबचा बराचसा प्रकाश तीन ठिकाणी एकवटलेला असतो, साधारण ४३५, ५४५ आणि ६१० च्या आसपास. ६५० च्या पुढे जवळपास काहीच नाही, मग पँट परत फेकणार काय? बाहेर उन्हात तो लाल भरपूर, त्यामुळे पँट लगेच लालसर.

म्हणून माझं मत (मी टेक्स्टाइलवाली नाही, ठेच लागलेली आहे) : एकाच थानातलं एकाच लॉटचं कापड मिळत असेल तर मॅचिंगच्या नादाला लागू नका. ग्रे, बेज, खाकी, नेव्ही यांत हे जास्त होतं. नाहीतर दोन्ही तुकडे कडेला कड लावून, विणीची दिशा सारखी ठेवून, आधी दाराबाहेर सावलीत बघा आणि मग पिवळ्या साध्या बल्बखाली. त्या बल्बमध्ये लाल खूप असतो, दिवसा जुळलेली जोडीही तिथे फुटू शकते. फोनचा फोटो काढून ठरवू नका, कॅमेरा रंग स्वतःच्या हिशोबाने ठरवतो. आणि पांढरं पांढऱ्याला लावताना जो निळसर फरक दिसतो तो बऱ्याचदा ब्राइटनरमुळे, ती भानगड वेगळी.

तुमचं अजून कापलं नसेल तर आजच दिवसाउजेडी दोन्ही तुकडे घेऊन जा आणि त्यांना दाराबाहेर बोलवून दाखवा. कापलं असेल तर पुन्हा रंगवायच्या फंदात पडू नका, पॉलिस्टर आणि कॉटन एका भांड्यात सारखे रंगत नाहीत. मी शेवटी त्या कोटाखाली काळी पँट घालते.