‘तू मला आठवशील’: निवृत्त होणाऱ्या फ्रेंच सहकारिणीसाठी चार ओळी

ल्यॉंहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. एका छोट्या कंपनीच्या हिशेब विभागात त्या सहा वर्षं काम करतात. शेजारच्या टेबलावरच्या फ्रेंच सहकारी या महिन्याअखेरीस निवृत्त होत आहेत. ऑफिसभर एक कार्ड फिरतंय आणि परवा ते यांच्या हातात येईल. ताई लिहितात, “माझं फ्रेंच कामापुरतं बरं आहे. पण मनातलं लिहायला गेले की एक तर सरकारी पत्र होतं, नाही तर भलतंच काही. सोबत मसुदा पाठवते आहे. त्यांना वाचून बरं वाटेल असं करून द्या.”

ताई, तुमचा मसुदा मी दोनतीनदा वाचला. त्यातली माया खरी आहे, पण तुम्ही आधी इंग्रजीत विचार केला आणि मग तो फ्रेंचमध्ये उतरवला. तिथेच घोटाळा झाला. गंमत अशी, की तुमचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मराठीतून थेट गेलं असतं तर चुकलंच नसतं.

ते वाक्य म्हणजे ‘तुमची फार आठवण येईल’. तुम्ही लिहिलंय ‘ज वे वू मांके’. वाचणाऱ्या बाईंना त्याचा अर्थ लागेल, ‘तुम्हाला माझी आठवण येईल’. म्हणजे नेमकं उलटं. इंग्रजीत ज्याला आठवण येते तो वाक्याचा कर्ता असतो. फ्रेंचमधल्या ‘मांके’ क्रियापदाचा अर्थ ‘उणीव असणं’ असा आहे, त्यामुळे ज्याची उणीव भासते तो कर्ता होतो. आता मराठीत म्हणून पाहा, ‘तू मला आठवशील’. कर्ता ‘तू’, आणि ‘मला’ चतुर्थीत. फ्रेंच अगदी हेच करतं: ‘त्यू वा म मांके’. शब्दांचा क्रमसुद्धा तोच आहे, तू आधी, मला नंतर. ही चूक इंग्रजीच्या वाटेनं येणारे सगळेच करतात. आपल्याला ती वाट घ्यायची गरजच नाही. सगळ्या ऑफिसच्या वतीनं लिहायचं असेल, तर ‘मला’च्या जागी ‘आम्हाला’, म्हणजे ‘त्यू वा नू मांके’.

आता दुसरी गोष्ट, जी मराठी माणसाला जास्त जड जाते. तुम्ही पत्रात लिहिलंय की रोज बोलताना तुम्ही दोघी एकमेकींना ‘त्यू’ म्हणता. कार्डावर मात्र तुम्ही त्यांना ‘वू’ केलंत. का केलंत ते मला कळतं. साठी ओलांडलेल्या बाईंना लेखी ‘तू’ म्हणायचं या कल्पनेनंच आपला हात थबकतो. पण आपल्याकडे ‘तुम्ही’ वयाला मान देतं, तर फ्रेंच ऑफिसात ‘वू’ मुख्यतः अंतर सांगतं. सहा वर्षं जिला ‘त्यू’ म्हणत आलात, तिला निरोपाच्या कार्डावर अचानक ‘वू’ म्हटलंत, तर तिला मान मिळाल्यासारखं वाटणार नाही. उलट तुम्ही एक पाऊल मागे सरकलात असं वाटेल. नियम साधा आहे: तोंडात जे आहे तेच कागदावर. ज्या साहेबांना तुम्ही कायम ‘वू’ म्हणत आलात, त्यांच्या कार्डावर ‘वू’च बरोबर. आणि एकदा ठरलं की शेवटपर्यंत तेच ठेवा. वरच्या ओळीत ‘त्यू’ आणि खालच्या ओळीत ‘तुमची बाग’ अशी सरमिसळ झाली, की छापील नमुन्यातून उतरवल्याचं चटकन कळतं.

मसुद्यातले काही शब्दही काढावे लागतील. ‘तुमच्या रिटायरमेंटबद्दल’ असा तुम्ही जसाच्या तसा इंग्रजी शब्द घातलाय. फ्रेंचमध्ये निवृत्तीला ‘रत्रेत’ म्हणतात, आणि ‘बॉन रत्रेत’ ही सगळ्यांच्या ओळखीची शुभेच्छा आहे. लिहिताना शेवटच्या ‘ए’वर स्वरचिन्ह देऊ नका. ते दिलं की शब्द ‘रत्रेते’ होतो, म्हणजे निवृत्त झालेला माणूस. ‘मी तुमच्यासाठी खूप एक्सायटेड आहे’ हे वाक्य तर पूर्ण काढाच. फ्रेंचमध्ये त्या शब्दाला शारीरिक उत्तेजनेचा वास येतो आणि ऑफिसच्या कार्डावर तो नको. ‘बाँ कुराज’ही नको, ते समोर कष्ट वाढून ठेवलेल्या माणसाला म्हणतात. ‘बॉन काँतिन्युआस्याँ’ तुम्ही नोकरी सोडून जाणाऱ्यांच्या कार्डांवर पाहिलं असेल. ते सभ्य आहे पण कोरडं, आणि आपल्या माणसासाठी फारच कमी पडतं.

‘देव तुम्हाला दीर्घायुष्य देवो’ हे आपल्याकडे किती सहज लिहिलं जातं! पण फ्रान्समध्ये कामाच्या ठिकाणी देवाचं नाव घ्यायची रीत नाही, आणि दीर्घायुष्याच्या शुभेच्छेतून वय आधी डोळ्यांसमोर येतं. तसंच ‘तुम्ही मला आईसारख्या’. ही ओळ काढताना मला वाईट वाटलं, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य तेच आहे. पण तिथल्या बाईंना सहकारी म्हणून निरोप हवा असतो. ‘आई’ म्हटलं की दोघींच्या वयातलं अंतर मध्ये येऊन उभं राहतं. मग ती माया सांगायची कशी? त्यांनी काय केलं ते सांगा.

आणि ते तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही नव्या होतात, आरोग्यविम्याच्या कार्त वितालचे कागद तुम्हाला उमगत नव्हते, आणि या बाईंनी स्वतःची जेवणाची सुट्टी घालवून तुमच्याशेजारी बसून रकाने भरून घेतले. त्यांनी पेन्सिलीनं प्रत्येक रकान्यावर छोटी खूण केली होती, कुठे सही आणि कुठे जन्मगाव, असंही तुम्ही लिहिलंय. ही एकच आठवण कार्डावर यायला हवी. ‘तुम्ही नेहमी सगळ्यांना मदत करता’ हे पंधरा जण लिहितील. वितालच्या कागदांबद्दल फक्त तुम्हीच लिहू शकता.

तेव्हा माझ्या मते कार्डावर एवढं असावं:

```
Chère …,
Il y a six ans, tu as passé ta pause déjeuner
à remplir avec moi le dossier de ma carte Vitale.
Je ne l'ai jamais oublié.
Merci de m'avoir accueillie comme ça, et merci
pour tous les cafés de dix heures.
Tu vas beaucoup me manquer.
Bonne retraite, profite bien de ton jardin,
et à très vite !
Je t'embrasse,
```

टिंबांच्या जागी त्यांचं पहिलं नाव, आडनाव नको. मराठीत याचा भाव असा: सहा वर्षांपूर्वी तू तुझी जेवणाची सुट्टी माझे वितालचे कागद भरण्यात घालवलीस. ते मी कधी विसरले नाही. मला असं आपलंसं केलंस, त्याबद्दल आणि दहाच्या सगळ्या कॉफ्यांबद्दल मनापासून आभार. तू मला फार आठवशील. निवृत्ती छान जावो, बागेत मनसोक्त रम, आणि लवकरच भेटू.

इथे दोन बारकावे सांभाळा. पहिल्या शब्दात ‘ए’वर उजवीकडे उतरणारी रेघ आहे. तो ‘प्रिय’चा स्त्रीलिंगी शब्द आहे, पुरुषाला लिहिताना ती रेघ आणि शेवटचा ‘ए’ दोन्ही जातात. दुसरा बारकावा तुमच्याबद्दलचा आहे. ‘मला आपलंसं केलंस’ यातलं क्रियापद ‘मला’च्या लिंगाप्रमाणे बदलतं, म्हणून तुम्ही लिहिताना त्याच्या शेवटी जादा ‘ए’ आहे. तुमच्या यजमानांनी हेच वाक्य लिहिलं तर तो गळेल. आपण ‘तिने मुलीला बोलावलं’ म्हणतो, ‘बोलावली’ नाही, त्यामुळे हे आपल्या कानाला सुचत नाही. फ्रेंचमध्ये अशा भूतकाळी रूपात थेट कर्म क्रियापदाच्या आधी आलं की हा बदल होतो. उच्चारात तो ऐकू येत नाही, म्हणून फ्रेंच शाळेत शिकणारी मुलंही तो कधीकधी विसरतात. तुमच्या मुलीला हा मजकूर दाखवणार असाल तर जरूर दाखवा, पण ‘त्यू’ की ‘वू’ हे तिला ठरवू देऊ नका. ती तुमच्या ऑफिसात बसत नाही.

सहीच्या वरची ओळ तुम्ही ‘कॉर्दियालमां’ अशी लिहिली होती. ती बिलांच्या ई-मेलखाली शोभते. ‘ज तांब्रास’ म्हणजे गालाला गाल लावून निरोप घेण्याएवढी जवळीक. सकाळी तुम्ही एकमेकींना गालाला गाल लावूनच भेटता असं तुम्ही लिहिलंय, म्हणून मी ती सुचवली. ज्यांच्याशी एवढी घसट नाही, त्यांना ‘आमिकालमां’ म्हणजे ‘स्नेहपूर्वक’ पुरेसं आहे.

मॉंट्रियलच्या वाचकांसाठी थोडंसं. तिकडे ऑफिसात ‘त्यू’ आणखी सहज चालतं. ‘तू मला आठवशील’साठी तिथे ‘ज वे मान्नुइये द त्वा’ असंही म्हणतात, म्हणजे ‘तुझ्यावाचून मला करमणार नाही’. आपल्या ‘करमणं’ या शब्दाच्या इतकं जवळचं दुसरं काही मला फ्रेंचमध्ये सापडलेलं नाही. मात्र फ्रान्समधल्या माणसाला ते जुनं वाटेल. ‘ज तांब्रास’ मात्र तिकडे सहकाऱ्यांत जरा जास्त होतं, तिथे ‘आमिकालमां’च ठेवा.

कार्ड हातात येईल तेव्हा आधी जागा बघा. पंधरा जणांच्या कार्डावर एकाच्या वाट्याला जेमतेम तळहाताएवढी जागा येते. वरचा मजकूर तेवढ्यात बसतो, पण अक्षर बारीक काढावं लागेल. आधी कोऱ्या कागदावर एकदा लिहून पाहा. जागा कमीच पडली तर कॉफीची ओळ गाळा, वितालची नको. कार्डाबरोबर पैशांचं पाकीट किंवा ऑनलाइन ‘कान्यॉत’, म्हणजे भेटीसाठीची वर्गणी, फिरेल. त्यात जमेल तेवढं घालावं, कुणी किती दिले हे सहसा कुणी विचारत नाही.

यजमानांचं आणि मुलीचं नाव या कार्डावर घालू का, असंही तुम्ही विचारलंय. हे ऑफिसचं कार्ड आहे, त्यावर तुमचीच सही असू द्या. पण त्या बाई तुमच्या घरी दिवाळीला जेवायला येऊन गेल्या आहेत, चकलीची कृती उतरवून घेऊन गेल्या आहेत. तेव्हा घरच्यांतर्फे एक वेगळं छोटं कार्ड करा आणि ते ‘पो द देपार’च्या दिवशी, म्हणजे निरोपाच्या पेयपानाला, हळूच त्यांच्या हातात द्या. त्यावर मुलीला देवनागरीत ‘पुन्हा या’ लिहायला सांगा आणि खाली फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ. आणि सोबत चकल्यांचा डबा. तो डबा परत करायला त्यांना यावंच लागेल.