बिडीची हिस्टरी घेताना

वॉर्डात नवीन आहेस म्हणून सांगतो. “व्यसन आहे का?” असं विचारू नकोस. निपाणीकडच्या तंबाखूच्या पट्ट्यातले पेशंट बिडीला व्यसन म्हणतच नाहीत. “काका, बिडी ओढता की सिगारेट? पूर्वी ओढत होता का?” असं सरळ विचार. तंबाखू-चुना आणि मिश्रीचं वेगळं विचार.

माझे एक पेशंट काका, वय 58, दम लागतो म्हणून आले होते. “नाही ओढत,” म्हणाले. खोटं नव्हतं, खोकल्यामुळे पंधरा दिवसांपूर्वीच सोडली होती. मी “नाही” लिहून मोकळा झालो आणि राउंडला चूक उघडी पडली.

पुन्हा विचारलं. सुरुवात अठराव्या वर्षी. चाळिशीपर्यंत रोज 10, पुढे रोज 20. इथे सरासरी काढू नकोस, टप्पे पाड: 22 वर्षं × 10 म्हणजे 220, 18 वर्षं × 20 म्हणजे 360. स्मोकिंग इंडेक्स 580. तीनशेच्या वर गेला की जास्त धूम्रपान धरतात. पेशंट “एक बंडल” म्हणाला तर त्यात किती बिड्या आणि ते किती दिवस पुरतं, हे विचार. बंडलं सारखी नसतात.

मग सोडण्याचे प्रयत्न. काकांनी माळ घातल्यावर तीन महिने बिडी शिवली नव्हती. रात्रीच्या लायटीला उसाला पाणी पाजायला गेले, सोबत्यानं पेटवून दिली आणि पुन्हा सुरू झाली. हे शब्द तसेच केसशीटवर उतरव. समुपदेशन त्या रात्रपाळीपासूनच सुरू करावं लागतं.