भाषा दिनाची पोस्ट आणि काउंटरवरचं मराठी

प्रश्न: मी मुंबईतल्या एका बँकेच्या सोशल मीडियाचं काम बघतो. दरवर्षी २७ फेब्रुवारीला मराठी भाषा दिनाची पोस्ट टाकतो, पण ती जाहिरातच वाटते. मनापासून दिलेल्या शुभेच्छा वाटतील अशी कॅप्शन कशी लिहू?

उत्तर:

मी मुंबईत मराठी कॉपी लिहिते आणि या दिवसाच्या पोस्ट गेली बरीच वर्षं माझ्या हाताखालून जातात. त्यातलं एकच काम सविस्तर सांगते, कारण ते बँकेचंच होतं.

एजन्सीकडून आलेला पहिला खर्डा असा होता: “मराठी अस्मितेचा आम्हाला अभिमान! विश्वासाची परंपरा, मराठी मातीशी नातं. मराठी भाषा गौरव दिनाच्या हार्दिक शुभेच्छा. आजच आपले बचत खाते उघडा.” शेवटचं वाक्य काढून टाकलं की झालं, असं सगळ्यांचं मत होतं. मी ते काढून पाहिलं, तरी जाहिरात जाईना. ‘आम्हाला अभिमान’ या शब्दांपाशीच खरी अडचण होती. बँकेला मातृभाषा नसते. मातृभाषा असते ती काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाला आणि पलीकडे बसलेल्या माणसाला. बँक जेव्हा ‘आम्ही’ म्हणून भाषेचा अभिमान सांगते, तेव्हा वाचणाऱ्याला तो कोणाचा अभिमान हेच कळत नाही, आणि मग त्याचं लक्ष लोगोकडे जातं. म्हणून पहिली गोष्ट ही करा: वाक्याचा कर्ता बदला. ग्राहक काय बोलतो, क्लार्क काय बोलतो, ते लिहा.

त्यासाठी मी दादरच्या शाखेत सकाळी तासभर बसले. अकराच्या सुमारास एक काकू आल्या. हातात पासबुक, पासबुकात घडी घातलेल्या नोटा. क्लार्कने विचारलं, “काकू, किती भरायचेत?” त्या म्हणाल्या, “अडीच हजार. आणि मागचे पावणेआठशे जमा झालेत का तेवढं बघ रे.” क्लार्कने एका हाताने नोटा मोजायला घेतल्या, दुसऱ्या हाताने खातं उघडलं आणि म्हणाला, “झालेत, सोमवारीच.” पडद्यावर ७७५ होते. पावणेआठशे म्हणजे ७७५ हे त्याला डोक्यात जुळवावंही लागलं नाही. स्लिपवर काकूंनी आकड्यात २५०० लिहिलं होतं आणि ‘अक्षरी रुपये’च्या रकान्यात अडीच हजार. त्या तासाभरात दीडशे, सव्वाशे, साडेतीन हजार, पावणेदोन लाख, सगळे शब्द कानावर पडले.

कॅप्शन तिथेच मिळाली. अखेर गेली ती अशी:

“स्लिपवर तुम्ही २,५०० लिहिता.
काउंटरवर म्हणता, ‘अडीच हजार भरायचेत.’
पावणेआठशे, सव्वाशे, दीड लाख…
आमच्या शाखेतला दिवस या शब्दांनी सुरू होतो.
मराठी भाषा गौरव दिनाच्या शुभेच्छा.”

चौथी ओळ आधी “तुमच्या शब्दांतला हिशेब आम्हाला बरोबर कळतो” अशी होती. ऐकायला बरी होती, पण त्यात बँक पुन्हा स्वतःची पाठ थोपटत होती. ती बदलल्यावर स्वतःविषयी काहीच दावा उरला नाही, नुसतं खरं घडतं तेवढं राहिलं. ‘हार्दिक’ही काढला. शुभेच्छांना तो इतका चिकटलेला असतो की कोणी वाचत नाही, आणि नसला तर वाक्य बोलल्यासारखं वाटतं. आणखी एक गोष्ट मुद्दाम केली. “फक्त मराठीतच असे शब्द आहेत” असं कुठेही म्हटलं नाही, कारण हिंदी आणि गुजरातीतही दीड, अडीच, पावणे यांची भावंडं आहेत, आणि मुंबईत ती बोलणारा ग्राहक त्याच रांगेत उभा असतो. आपल्या भाषेवरचं प्रेम सांगायला दुसरीला कमी लेखावं लागत नाही, आणि खोटा दावा तर पहिल्याच कमेंटमध्ये उघडा पडतो.

तुम्हीही आपल्या शाखेत जाऊन बसा. ऑफिसात बसून असं वाक्य सुचत नाही. तुमच्या लोकांना विचारलंत तर ते “ग्राहक मराठीत बोलतात” एवढंच सांगतील, त्यातून काही निघत नाही. नेमका शब्द कानाने टिपावा लागतो. बँक नसेल तरी हेच लागू पडतं. घरगुती उपकरणं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीसाठी लिहिताना मी तक्रारींचे फोन ऐकले होते. लोक ‘आवाज येतो’ असं क्वचितच म्हणतात. फ्रिज घरघरतो, पंखा करकरतो, मिक्सर खडखडतो, नळ गळतो तो टपटपतो. कारागिराला त्या एका शब्दातून अर्धा बिघाड कळतो. त्यांच्या पोस्टवर हे चार शब्दच गेले, आणि खाली शुभेच्छा.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते ही जास्त महत्त्वाची. पोस्ट प्रामाणिक वाटते की नाही हे पोस्टच्या बाहेर ठरतं. एका कंपनीसाठी मी फार जीव लावून लिहिलेल्या पोस्टखाली पहिली कमेंट आली ती तक्रारीची होती: तुमचं ॲप मराठीत का नाही? कंपनीचं उत्तर इंग्रजीत गेलं, तेही ठरावीक साच्यातलं. त्यानंतर दिवसभर लोक त्या उत्तराचा स्क्रीनशॉट टाकत राहिले, मूळ पोस्ट कोणी पाहिलीच नाही. म्हणून लिहायला घेण्याआधी तुमच्याच बँकेतल्या तीन गोष्टी बघून या: भरणा स्लिप, पासबुक आणि एटीएमचा पहिला पडदा. ग्राहकांच्या हातात जाणारं छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि त्या प्रदेशाच्या भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, असावं अशी रिझर्व्ह बँकेची सूचनाच आहे. चेक ग्राहकाला मराठीतही लिहिता येतो, हेही त्याच सूचनांमध्ये आहे आणि बऱ्याच लोकांना ते माहीत नसतं. तुमच्या शाखेत मराठी स्लिपा संपलेल्या असतील तर २७ तारखेआधी मागवून घ्या. असतील, तर कॅप्शनमध्ये एक साधी ओळ टाकता येईल: “चेकवर रक्कम मराठीतही लिहिता येते, आमचा क्लार्क ती वाचतो.” त्यात काही विकायचं नाही, आणि ग्राहकाच्या हाती काहीतरी पडतं. पण ती ओळ टाकण्याआधी दोन-तीन शाखांत फोन करून खात्री करा. एखाद्या क्लार्कने असा चेक परत केला, तर ही पोस्ट तोच ग्राहक तुमच्यासमोर धरेल.

कमेंटला उत्तर देणारा माणूस त्या दिवशी मराठी लिहिणारा असू द्या. तक्रार आली तर “आपल्या भावना पोहोचवल्या आहेत” असं न म्हणता, “खरं आहे, पासबुक अजून मराठीत छापत नाही, त्याचं काम चालू आहे” असं सरळ लिहा. मात्र काम खरंच चालू असेल तरच.

कवितेच्या ओळी टाकण्याचा मोह बहुतेकांना होतो. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणून हा दिवस निवडला आहे, तेव्हा त्यांच्या ओळी सुचणं साहजिकच आहे. पण भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत त्यांच्या ओळी एखाद्या कंपनीने विनापरवानगी आपल्या लोगोखाली छापणं योग्य नाही. शिवाय व्हॉट्सॲपवर त्यांच्या नावाने फिरणाऱ्या सगळ्याच ओळी त्यांच्या नसतात. त्यांचं नाव आणि जन्मदिवस आदराने लिहा, तेवढं पुरे.

अगदी शेवटी शुद्धलेखन, कारण भाषेच्या दिवशी तिथे चूक झाली की बाकीचं कोणी वाचत नाही. ‘दिन’ ऱ्हस्व. ‘दीन’ लिहिलंत तर मराठी भाषा गरीब बिचारी असं वाचलं जातं, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या फलकावर हे दिसतंच. २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, आणि राजभाषा दिन १ मे, ही गल्लत करू नका. हिंदी पोस्टवरून मजकूर उतरवला असेल तर ‘बैंक’, ‘शुभकामना’, ‘खाते खोला’ असे शब्द चिकटून येतात. आपल्याकडे बँक, शुभेच्छा आणि खातं उघडा. मग चित्र. मजकूर टाइप करताना बरोबर असतो आणि डिझाइनमध्ये चिकटवल्यावर मोडतो, हे फार वेळा होतं. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षर सुटून मध्ये हलन्त दिसतो, ‘दुसऱ्या’तला अर्धा र उडून डोक्यावर रफार येतो आणि शब्द ‘दुसर्या’सारखा दिसतो. डिझाइनरला मराठी वाचता येत नसेल तर त्याला यातलं काहीच खटकत नाही. म्हणून शेवटची फाइल स्वतः मोबाईलवर उघडून एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. कॅप्शन नंतर सुधारता येते, पोस्ट झालेलं चित्र मात्र काढून पुन्हा टाकावं लागतं, आणि तोवर त्याचा स्क्रीनशॉट निघालेला असतो.

चित्राबद्दल एक सुचवते. फेटा, तुतारी, नऊवारी यातलं काही घेऊ नका. त्या दादरच्या पोस्टसाठी आम्ही भरणा स्लिपेचा फोटो घेतला. अक्षरी रकान्यात निळ्या बॉलपेनने, जरा थरथरत्या हाताने लिहिलेलं ‘अडीच हजार’, एवढंच. नाव आणि खातेक्रमांक दिसत नव्हते, आणि काकूंना विचारून घेतला होता. लोगो खाली कोपऱ्यात, लहान. क्यूआर कोड नाही, व्याजदर नाही. हॅशटॅग एकच: #मराठीभाषागौरवदिन. खालच्या कमेंटमध्ये लोक आपापल्या घरातले आकडे लिहायला लागले. कोणाची आई अजून ‘पावणेसहाची लोकल’ म्हणते, कोणाचे आजोबा दूधवाल्याचा हिशेब ‘दिडकी’त सांगायचे.