आप्पांनी सही कुठे कुठे केली आहे?

“आप्पांचं वय बहात्तर. चार ठिकाणी मिळून सात लाखांचं कर्ज आहे. सोसायटीवाले म्हणतात, मुलाच्या नावावर करून टाका, काळजी मिटेल. पगारावर सात लाखांचं पर्सनल लोन मिळतंय. घेऊन सगळं एकदम मिटवू का?”

हा मुलगा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत कामाला आहे, पगार अडतीस हजार. गाव बेळगावच्या पश्चिमेला, शेतात भात आणि रताळी. या भागातून माझ्याकडे कर्जाचा सल्ला विचारायला येणारा दर तिसरा मुलगा साधारण याच शब्दांत बोलतो. पहिल्या भेटीत तो एकटाच आला होता. त्याला म्हटलं, पुढच्या वेळी आप्पांना घेऊन या, आणि येताना त्यांची पत्र्याची ट्रंकही आणा. कर्ज घेणाऱ्याला बाजूला ठेवून कर्जाचा निर्णय घेतला, तर तो टिकत नाही, असं माझं मत आहे.

ट्रंकेतून निघालेल्या कागदांवरून चार ओळी झाल्या. पीकेपीएसचं, म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीचं, पीककर्ज एक लाख ऐंशी हजार. आईच्या दागिन्यांवर एक लाख चाळीस हजार, बारा टक्क्यांनी. एका पतसंस्थेचं तीन लाख वीस हजार, पंधरा टक्क्यांनी, पाच वर्षं बाकी, त्यात बावीस हजार थकलेले. आणि गावातल्या एकाकडून हातउसने साठ हजार, शेकडा तीन रुपये महिन्याला.

मुलाचं सगळं लक्ष सर्वांत मोठ्या आकड्यावर होतं. मी त्याला सर्वांत लहान आकडा दाखवला. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. साठ हजारांवर दरमहा अठराशे जात होते आणि मुद्दल तसूभर हललं नव्हतं. याउलट सहकारी सोसायटीचं पीककर्ज कर्नाटकात मुदतीत फेडलं तर बिनव्याजी असतं. तेरा टक्क्यांच्या, पाच वर्षांच्या पर्सनल लोनमध्ये तेही घातलं असतं, तर त्या एक लाख ऐंशी हजारांवर सहासष्ट हजारांच्या आसपास व्याज गेलं असतं. फुकटचे पैसे विकत घेतल्यासारखंच. वर सात लाखांचा हप्ता पंधरा हजार नऊशेच्या घरात, तोही अडतीस हजारांच्या पगारातून.

आप्पा इतका वेळ गप्प होते. “पीककर्जाचं मी बघतो ओ. रताळी गेली की भरतो, नवं-जुनं करून आणतो. त्यात पोराला घालू नका,” ते म्हणाले. ते बरोबरच बोलत होते. मुलाने तिथे एवढंच करायचं, की मुदतीची तारीख आपल्या फोनमध्ये टाकायची. ती चुकली की व्याजाची सवलत जाते. नवं-जुनं करण्यापुरते, म्हणजे जुनं फेडून नवं हातात येईपर्यंत, आठ दिवसांसाठी सावकाराकडून उचललेले पैसे तर भल्याभल्यांना बुडवतात.

“आता कर्ज सगळं झालं?” मी विचारलं.

“झालं.”

“काका, कर्ज नाही विचारत. सही कुठे कुठे केलीय?”

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बऱ्याच वेळाने म्हणाले, “चुलतभावाच्या पोराला जामीन राहिलोय. अडीच लाख. पण ते माझं कर्ज नाही की.”

मुलगा नुसता बघत राहिला. त्या पोराचे चार हप्ते थकले होते.

‘कर्ज किती?’ या प्रश्नाला म्हातारी माणसं खरंच उत्तर देतात, लपवत नाहीत. त्यांच्या मनात जामीनकी म्हणजे भाऊबंदकीतला शब्द, कर्ज नव्हे. कायद्यात मात्र जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. संस्था आधी कर्जदाराकडेच जाईल असं काही नाही, ती थेट जामीनदारालाही धरू शकते. म्हणून हल्ली मी प्रश्नच बदलला आहे. सह्या विचारल्या की घराचा खरा हिशेब बाहेर येतो.

मुलाला उत्तर तिथेच मिळालं. “म्हणजे सोसायटीवाले मला तेच करायला सांगताहेत?”

तेच. ‘नावावर करून टाका’ असं म्हटलं, तरी कर्ज सहसा नुसतं एका नावावरून दुसऱ्या नावावर जात नाही. मुलाची सही सह-कर्जदार म्हणून घेतात, नाहीतर जामीनदार म्हणून, किंवा त्याला नवं कर्ज देऊन जुनं मिटवतात. वडिलांच्या पश्चात त्यांच्या कर्जाची जबाबदारी वारसावर येते ती त्यांच्याकडून मिळालेल्या मिळकतीपुरती, त्याच्या पगारावर नाही. एक सही केली की ही मर्यादा संपते. आप्पांचं कर्ज भरायला मुलाला सही करायची गरजच नव्हती. आप्पांच्या कर्जखात्यावर त्याने आपल्या बँक खात्यातून थेट पैसे पाठवायचे आणि पावती ठेवायची, एवढं पुरे. रोख कुणाच्या हातात द्यायची नाही.

मुलाकडे एक लाख दहा हजारांची ठेव होती. त्यातून साठ हजार हातउसने आधी फेडले. त्याच बैठकीत आप्पांनी दिलेले दोन कोरे चेक आणि चिठ्ठी परत घेतली. हे मागायचं राहिलं की फेडलेलं कर्ज पुन्हा उभं राहतं. बावीस हजार पतसंस्थेच्या थकबाकीत गेले, अठ्ठावीस हजार अडीअडचणीला ठेवले. सुटलेल्या अठराशेतून दागिन्यांचं दरमहा चौदाशे व्याज निघतं, म्हणजे व्याज थकून लिलावाची नोटीस येण्याची भीती नाही. पतसंस्थेचा सात हजार सहाशेचा हप्ता पगारातून. पंधरा हजार नऊशेच्या जागी एवढंच.

पैसे सुटण्याआधी दोन कागद काढले होते. प्रत्येक ठिकाणाहून त्या दिवसाची लेखी बाकी, त्यात मुद्दल, व्याज, दंडव्याज आणि जामीनदारांची नावं वेगवेगळी दिसायला हवीत. दुसरा म्हणजे जमिनीचा उतारा. कर्नाटकात त्याला आरटीसी म्हणतात. त्याच्या अकराव्या रकान्यात बोजा असतो आणि उतारा कन्नडमध्ये असतो, म्हणून शाळेत जाणाऱ्या नातीकडून वाचून घेतला. त्यात जुन्या, फिटलेल्या कर्जाचा एक बोजा तसाच होता. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. संस्थेचं पत्र आणून तो कमी करून घ्यावा लागतो आणि नंतर ताजा उतारा काढून बघावा लागतो. सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही काढला. मात्र गावातल्या सगळ्या संस्था त्यात दिसत नाहीत आणि हातउसने तर दिसतच नाहीत, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवून ट्रंक बंद करू नये.

जामीनकी आप्पांना आता एकतर्फी मागे घेता येत नाही. त्यांनी पुतण्याला आणि दुसऱ्या जामीनदाराला घरी बोलावलं. जामीनदाराने भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करता येतात, आणि दोन जामीनदार असले तर भार निम्मा-निम्मा पडतो, हे तिघांसमोर बोललं गेलं. पुतण्याने महिनाभरात दोन हप्ते भरले.

कोल्हापूरला दिलेल्या बहिणीला मात्र मुलाने विचारलंच नव्हतं. वडिलार्जित मिळकतीत तिचाही समान हक्क, आणि भावाने भरलेले पैसे उद्या वाटणीत मोजायचे की नाहीत, हे आज ठरलं नाही तर पुढे दोघांत भांडण ठरलेलं. ती आली. कागदावर चार ओळी झाल्या: कोणत्या खात्यात किती भरणार, ती मदत की उसने, सोनं सुटलं की कुणाकडे राहणार. आप्पा, आई, मुलगा, बहीण, चौघांच्या सह्या.

आप्पांनी त्या कागदाची एक प्रत ट्रंकेत ठेवली आणि नातीला एक वही आणायला सांगितलं. पहिल्या पानावर तिने आजोबांच्या सांगण्यावरून मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सह्या’. खाली पुतण्याचं नाव, रक्कम, संस्था. बाकीचं पान कोरं.