परवाना नूतनीकरणाचा अर्ज: पत्ता आधी जुळवा

दुकानाच्या पालिका परवान्याच्या नूतनीकरणासाठी द्यायच्या पत्राच्या विषयातच परवाना क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख लिहा. लिपिक आधी तेच शोधतो. मजकूर चार ओळी पुरे: दुकानाचं नाव, पत्ता, व्यवसाय, ‘जागा व व्यवसायात बदल नाही’. खाली सहपत्रं क्रमाने लिहा: जुना परवाना, मागील शुल्काची पावती, मालमत्ता कराची भरलेली पावती, भाडेकरार, आधार-पॅनच्या स्वसाक्षांकित प्रती. गुमास्ता वेगळा, तो परवान्याऐवजी चालत नाही.

अर्ज अडतो तो बहुधा पत्त्यावर. परवान्यावर ‘गाळा ४’ आणि करारावर ‘दुकान ४-अ’ असेल, तर त्रुटीचा शेरा पडू शकतो. जागामालकाचं ‘दोन्ही जागा एकच’ असं पत्र आधीच जोडा. करार ११ महिन्यांचा असेल तर तो संपलेला नाही ना, पाहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्याच.