शार्प, ट्रेनॉर की अल्फा? आधी बाकीचे पैसे कुठे आहेत ते बघा

प्रश्न: मी फोंड्याला राहतो. मुलगा जहाजावर आहे, तो पाठवतो त्यातले दरमहा दहा हजार एका फंडात घालायचे आहेत. दोन फंड निवडलेत, एक फ्लेक्सी कॅप आणि एक फार्मा. पहिल्याचा शार्प रेशो चांगला, दुसऱ्याचा ट्रेनॉर आणि अल्फा चांगला. मग वरचा नंबर कुणाचा?

उत्तर:

दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. मी म्हापशाला बरीच वर्षं कॉमर्सच्या मुलांना हे शिकवलं, आणि दरवर्षी गाडी याच वळणावर अडायची.

मांडवीतली फेरीबोट डोळ्यांपुढे आणा. भरती-ओहोटीनं ती वर-खाली होते, तशा धक्क्यावरच्या सगळ्याच होड्या होतात. त्याशिवाय शेजारून खनिजाचा बार्ज गेला की ती आपली वेगळी हलते. भरती-ओहोटी म्हणजे सगळा बाजार, आणि तिच्याबरोबरच्या हालचालीचं माप म्हणजे बीटा. भरती आणि बार्ज मिळून जेवढं हलणं होतं, त्याचं माप म्हणजे स्टँडर्ड डिव्हिएशन. फंडानं बिनजोखमीच्या व्याजापेक्षा जे जास्त दिलं, त्याला शार्प एकूण हलण्यानं भागतो आणि ट्रेनॉर फक्त बीटानं. अल्फा भागाकार करतच नाही. इतक्या बीटाच्या फंडानं किती द्यायला हवं होतं ते तो काढतो, आणि त्यावर किती टक्के मिळाले तेवढं सांगतो.

हिशेबासाठी सोपे आकडे धरू. हे तुमच्या फंडांचे नव्हेत. बिनजोखमीचं व्याज ६.५ टक्के, बाजाराचा परतावा १२.५ टक्के, बाजाराचं स्टँडर्ड डिव्हिएशन १५. फ्लेक्सी कॅपनं १४ टक्के दिले, डिव्हिएशन १५, बीटा ०.९५. फार्मानं १५.५ दिले, पण डिव्हिएशन २२, बीटा ०.९.

फ्लेक्सी कॅपचे जास्तीचे ७.५ टक्के. शार्प ०.५०, ट्रेनॉर ७.९. त्याच्या बीटाला ५.७ पुरेसे होते, म्हणून अल्फा १.८. फार्माचे जास्तीचे ९ टक्के. शार्प ०.४१, ट्रेनॉर १०, अल्फा ३.६. बाजाराचा स्वतःचा शार्प ०.४० येतो, म्हणजे शार्पच्या नजरेत फार्मा फंड इंडेक्स फंडापेक्षा केसभरच बरा. ट्रेनॉरच्या नजरेत मात्र तो सरळ पहिला. तुमची अडचण हीच आहे ना?

आता समजा, तुमच्याकडे आधीच निफ्टीचा इंडेक्स फंड आहे आणि शंभरातले दहाच रुपये या दोघांपैकी एकात घालायचेत. फार्मा घेतला तर एकूण परतावा १२.८ होतो आणि सगळ्या गाठोड्याचं डिव्हिएशन १४.९५ येतं. फ्लेक्सी कॅप घेतला तर परतावा १२.६५, डिव्हिएशन १४.९३. फार्माचे ते २२ कुठे गेले? त्यातलं बरंचसं बार्जचं हलणं होतं. औषध कंपन्यांचं आपलं आपलं काहीतरी चालतं, अमेरिकेच्या एफडीएचं पत्र येतं, किमती पडतात, आणि त्याचा बाकीच्या बाजाराशी फारसा संबंध नसतो. मोठ्या गाठोड्यात छोटा वाटा असला की ते विरून जातं, भरतीचं हलणं तेवढं उरतं. म्हणून तिथे ट्रेनॉरचा निवाडा बरोबर ठरतो.

पण सगळे पैसे एकाच फंडात असतील तर काहीच विरत नाही. ते २२ पूर्ण तुमच्या वाट्याला येतात. तिथे शार्प.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हे दहा हजार हीच तुमची शेअर बाजारातली सगळी गुंतवणूक दिसते. तसं असेल तर शार्प बघा, फ्लेक्सी कॅप घ्या.

अल्फाचं काय? अल्फा हा टक्का आहे, गुणोत्तर नाही, आणि नंबर लावताना तो तिथेच फसवतो. ट्रेनॉर म्हणजे अल्फा भागिले बीटा, अधिक बाजाराचे जास्तीचे टक्के, इथे ६. तिसरा एखादा फंड घ्या, बीटा १.३ आणि अल्फा २. अल्फानं तो फ्लेक्सी कॅपच्या पुढे, पण २ भागिले १.३ म्हणजे दीड, म्हणून ट्रेनॉर ७.५ आणि फ्लेक्सी कॅपच्या मागे. जोखीम वाढवली की अल्फाही सोबत फुगतो. बीटा जवळजवळ सारखे असतील तरच दोन अल्फा शेजारी ठेवावेत.

शिवाय तीन वर्षांच्या आकड्यांवरचा अल्फा फार डळमळीत असतो. वरच्या फार्मा फंडाचं बार्जचं हलणं वर्षाला सुमारे १७ टक्के येतं. तीन वर्षांच्या सरासरीत ते वर्गमुळानं घटतं, तरी दहाच्या आसपास उरतं. म्हणजे अल्फा ३.६, आणि त्यातली चूक दहा इकडे की दहा तिकडे! ही कर्तबगारी की नशीब, ते यावरून कळत नाही. फ्लेक्सी कॅपच्या १.८ मध्येही पावणेतीनची चूक आहेच, पण निदान आकडे एका मापाचे आहेत.

आणखी एक खड्डा, यात मी स्वतः पडलोय. दोन फॅक्टशीट समोर ठेवून मी बीटा उचलले, ट्रेनॉर काढला, खूश झालो. सेक्टर फंडाचा बीटा त्याच्या स्वतःच्या सेक्टर निर्देशांकाशी मोजलेला होता, दुसऱ्याचा निफ्टी ५०० शी. एक होडी मांडवीत मोजली आणि दुसरी झुआरीत, असा तो प्रकार. फार्मा फंडाच्या फॅक्टशीटवर बेंचमार्क कोणता छापलाय ते आधी बघा. फार्मा निर्देशांक असेल तर तिथला बीटा आणि अल्फा तुमच्या तुलनेला निरुपयोगी. दोन्ही फंडांचे मासिक एनएव्ही घ्या, त्यांत दर महिन्याला किती टक्के फरक पडला ते काढा, आणि एकाच व्यापक निर्देशांकाच्या, डिव्हिडंड धरलेल्या टीआरआय आकड्यांतल्या तशाच मासिक टक्क्यांशी एक्सेलमध्ये स्लोप काढा, तोच बीटा. जमलं तर पाच वर्षांचे. शार्पला हा त्रास नाही, त्याला बेंचमार्कच लागत नाही. फक्त दोन्हीकडे बिनजोखमीचा दर एकच धरलाय ना, एवढं तपासा. फॅक्टशीटच्या तळटीपेत तो बहुधा मायबोर म्हणून, म्हणजे बँका एकमेकींना एका रात्रीसाठी पैसे देतात तो दर म्हणून, दिलेला असतो.

शार्पची एक खोड मात्र आहे. मार्च २०२० ला संपलेल्या तीन वर्षांसारखा वाईट काळ असेल तर तो उणे येतो, आणि मग उलटं सांगतो. दोन्ही फंड बिनजोखमीच्या व्याजापेक्षा ४ टक्के मागे राहिले, एकाचं डिव्हिएशन १० आणि दुसऱ्याचं २०, तर शार्प उणे ०.४० आणि उणे ०.२०. जास्त हेलकावे खाणाराच वर दिसतो! उणे आकड्यांवर नंबर लावूच नका, काळ बदलून परत मोजा.

मुलगा सुट्टीवर आला की त्याच्या नावावर आणखी काही इंडेक्स फंड किंवा शेअर आहेत का, ते विचारा. असतील आणि हे दहा हजार त्या सगळ्याचा लहानसा वाटा असतील, तर माझं उत्तर बदलेल. मग एकाच निर्देशांकावर ट्रेनॉर काढून इथे टाका, मी बघतो.