मनीबॅक पॉलिसीचे 9 हप्ते भरून झालेत. सरेंडर करू की चालू ठेवू?

मी केली सरेंडर, साडूच्या सांगण्यावरून. अगदी तुमच्याइतकेच हप्ते भरून झाले होते, म्हणून लिहितोय.

विमा रक्कम 2 लाख, मुदत 20 वर्षं. पाचव्या, दहाव्या, पंधराव्या वर्षी 40,000, शेवटी 80,000 आणि बोनस. पावत्या प्रत्येकी 14,315 च्या. मला वाटलं, निम्मे तरी सुटतील. पण पावतीत तेव्हा कर धरलेला असायचा, सरेंडरचा तक्ता लागतो मूळ हप्त्याला. तो 14,000, म्हणजे नऊ वर्षांचे 1,26,000. माझ्या तक्त्यात नवव्या वर्षासमोर 55 टक्के होते. झाले 69,300. त्यातून पाचव्या वर्षी मिळालेले 40,000 वजा! तक्त्याखालची ती ओळ मी वाचलीच नव्हती. जमलेला बोनस 72,000 दिसत होता, पण त्याचा तक्ता वेगळा, 18 टक्क्यांचा, त्याचे 12,960. एकूण हातात 42,260.

साडू म्हणे, सुटलास, साडेतीन टक्के देणारी पॉलिसी कशाला पोसायची? पहिल्या हप्त्यापासून मोजलं तर त्याचा आकडा खरा आहे. घेतानाच चुकलं होतं. पण गेलेले हप्ते कुठल्याच वाटेने परत येणार नव्हते. मोजायचं होतं आजपासून पुढे: 42,260 सोडायचे, आणखी 11 हप्ते भरायचे, बदल्यात वर्षभरात 40,000, सहा वर्षांनी 40,000 आणि अकरा वर्षांनी 2,40,000. तारखांसकट एक्सेलमध्ये घाला, परतावा साडेनऊ टक्क्यांच्या वर येतो. सरेंडरला इतकं कमी मिळतं म्हणूनच चालू ठेवणं परवडतं, हे साडूच्या डोक्यात आजही शिरत नाही. तो म्हणतो, बोनस तू गृहीत धरलास. धरलाय, विमा रकमेच्या हजारी दरसाल 40 रुपये, जो नऊ वर्षं मिळाला तोच. पुढचा निम्मा केला तरी 7 टक्के पडतात. ते पैसे त्याने मला कुठे गुंतवायला लावले ते विचारू नका.

मी फक्त एक हप्ता भरून वर्षभर थांबलो असतो, तर दुसरे 40,000 हातात पडून मग तरी ठरवता आलं असतं. अर्थात तेही पुढे सरेंडरमधून वजा होतातच, फुकट नसतात.

तुमचे आकडे वेगळे असतील. दोन-तीनच हप्ते भरलेले असते तर मी बाहेर पडा म्हटलं असतं, कारण तेव्हा पुढे भरायचंच फार उरतं. हप्ता झेपतच नसेल तर पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवायचं, म्हणजे पेड-अपचं विचारा. विमा रक्कम कमी होते आणि नवा बोनस थांबतो, पण जमलेल्या बोनसला तो 18 टक्क्यांचा तक्ता लागत नाही, मुदतीअखेर तो पूर्ण मिळतो. आणि आजचं सरेंडर मूल्य कंपनीकडून लेखी घ्या. छापील तक्ता हमीच्या रकमेचा असतो, विशेष मूल्य जास्त निघालं तर ते देतात. मी विचारलं नव्हतं. साडूनेही नाही.